कुबट वास जातो कसा, आणि परत का येतो?

आजच्या गप्पांचा विषय तुमच्याच बैठकांतून आला आहे. गेल्या दोन महिन्यांत बऱ्याच जणींनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगितली. कुणी म्हणालं, टॉवेल धुतलेला असतो, घडी घालताना वास नसतो, पण अंग पुसायला घेतला की ओल्या पोत्यासारखा वास सुटतो. कुणी म्हणालं, कपडे धुवायचं मशीन उघडलं की आतूनच भपकारा येतो. कुणाच्या न्हाणीतून वास येतो. आणि एक ताई म्हणाल्या, मुलगी शाळेतून आली ती रडतच, शेजारची मुलगी म्हणाली, तुझ्या गणवेशाला वास येतो.

या शेवटच्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय नीट घ्यायचं ठरवलं. कारण वास आला की बोल लागतो तो घरातल्या बाईला किंवा पोरीला. स्वच्छता ठेवत नाही, असं म्हणून लोक मोकळे होतात. खरं तर अशा घरात धुणं कमी होत नसतं. उलट साबण जास्त पडतो, धुणं रोज होतं, आणि तरी वास राहतो. म्हणून आधी हा वास येतो कुठून ते पाहू.

वास कशाचा असतो?

कुबट वास हा पाण्याचा नाही आणि कापडाचाही नाही. तो बारीक जंतूंचा आहे. आपल्या अंगावरचं तेल, घाम, मृत कातडीचा भुगा आणि धुऊन न निघालेला साबण, हे त्यांचं खाणं. ओल मिळाली की ते वाढतात, आणि खाता खाता जे सोडतात त्याचा वास आपल्या नाकाला येतो.

जपानमधल्या संशोधकांनी 2012 साली धुतलेल्या पण कुबट वास येणाऱ्या कपड्यांतून मोराक्सेला नावाचा असा एक जंतू वेगळा काढून दाखवला. त्याबद्दलची एक गोष्ट आपल्या कामाची आहे. तो वाळल्यावर सहज मरत नाही आणि उन्हालाही बऱ्यापैकी टिकतो. म्हणजे टॉवेल कोरडा असतो तेव्हा तो गप्प बसून राहतो, आणि पाणी लागलं की पुन्हा कामाला लागतो. म्हणूनच घडी घालताना वास नसतो आणि अंग पुसताना येतो.

मग ऊन दाखवायचं कशाला, असं कुणी विचारेल. उन्हाचा मोठा उपयोग हा की कापड लवकर वाळतं. धुतल्यापासून वाळेपर्यंत जितका वेळ जातो, तितका वेळ जंतूंना वाढायला मिळतो. उन्हाळ्यात दोन तासांत वाळणारा टॉवेल आणि श्रावणात दोन दिवस ओला राहणारा टॉवेल, यांत फरक या वेळेचा आहे.

म्हणजे वासाला दोन गोष्टी लागतात, ओल आणि खाणं. सुगंधी पावडर, शेवटच्या पाण्यात टाकायचं वासाचं औषध, मशीनमध्ये ठेवलेली डांबराची गोळी, यांपैकी कशानेही ना ओल जाते ना खाणं. एक वास दुसऱ्या वासाखाली चार दिवस दबतो, एवढंच. कपडे मऊ करणारं औषध तर टॉवेलवर पातळ चिकट थर बसवतं. त्यामुळे टॉवेल पाणी कमी टिपतो, आणि तो थर पुढच्या धुण्यात नीट निघतही नाही.

आधी वासाचं घर शोधा

टॉवेल, मशीन आणि न्हाणी, ही तिन्ही एकमेकांना वास देत असतात. म्हणून कुठल्या ठिकाणचा वास आहे, हे आधी तपासून घ्यावं. त्याला खर्च नाही.

टॉवेल पूर्ण कोरडा असताना त्याचा कोपरा हुंगा. मग तोच कोपरा कोमट पाण्यात भिजवून पिळा, पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा हुंगा. कोरड्यात नाही पण ओल्यात वास आला, तर जंतू कापडाच्या धाग्यात बसले आहेत. अशा टॉवेलला नेहमीचं धुणं पुरणार नाही.

मशीन रात्रभर झाकण लावून ठेवा आणि सकाळी उघडल्या उघडल्या हुंगा. नंतर मागच्या पाणी सोडायच्या नळीच्या तोंडाशी नाक नेऊन पाहा. आत बोट फिरवलं आणि ते बुळबुळीत लागलं, तर थर बसला आहे असं समजा.

न्हाणीचा वास ओळखायला सोपा आहे. कुबट वास ओल्या पोत्यासारखा असतो. गटाराचा वास सडक्या अंड्यासारखा असतो. न्हाणीच्या जाळीत दोन तांबे पाणी ओता आणि दहा मिनिटांनी या. वास गेला असेल, तर आतलं पाणी आटलं होतं. गेला नसेल, तर आत घाण बसली आहे किंवा पाणी थांबण्याची सोयच नाही. त्याबद्दल पुढे सांगतो.

टॉवेलची एकदाची धुलाई

वास बसलेल्या टॉवेलला एकदा गरम पाण्यात नीट भिजवावं लागतं. पाणी साधारण 60 अंश गरम हवं. घरात मोजायचं साधन नसतं, म्हणून सोपा हिशेब सांगतो. जितकं उकळतं पाणी, तितकंच माठातलं किंवा नळाचं साधं पाणी मिसळलं की जवळजवळ 60 अंश होतं. पाच लिटर उकळतं आणि पाच लिटर साधं, अशा दहा लिटरांत दोन मोठे टॉवेल बसतात.

त्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवा. हा धुण्याचा सोडा किराणा दुकानात सुटा मिळतो. खाण्याचा सोडा नव्हे, तो यासाठी फार मवाळ पडतो. धुण्याचा सोडा चिकट तेल सोडवतो, आणि बोअरच्या जड पाण्यातले क्षार बाजूला काढतो, त्यामुळे साबण नीट काम करतो. भिजवायला स्टीलचं भांडं घ्या. जर्मलच्या भांड्यात हा सोडा टाकू नका, भांडं काळं पडतं आणि झिजतं. हाताला सोडा झोंबतो, म्हणून काठीने ढवळा. रंग जाणाऱ्या कापडाचा एक कोपरा आधी भिजवून पाहा. रेशीम आणि लोकर यांना हा उपाय नाही.

तासभर, म्हणजे पाणी कोमट होईपर्यंत टॉवेल भिजू द्या. पाणी पिवळट, मळकट झालेलं दिसेल. तेच ते इतके दिवस आत राहिलेलं तेल आणि साबण. पाणी फेका, टॉवेल थोड्या पावडरीत नेहमीसारखा धुवा, आणि स्वच्छ पाण्यातून दोनदा काढा. दुसऱ्या पाण्यावर फेस दिसत असेल, तर तिसऱ्यांदा काढा. वाळल्यावर पुन्हा ओला करून हुंगा. फार जुना वास असेल तर आठ दिवसांनी हेच आणखी एकदा करावं लागतं. दोनदा करूनही वास राहिला, तर त्या टॉवेलची फरशी पुसायला बढती करा.

हे काम उघडीप असलेल्या दिवशी सकाळी करा. भिजवून काढलेला टॉवेल पुन्हा दोन दिवस ओला राहिला, तर केलेली मेहनत पाण्यात जाते.

मशीन: जिथे दिसत नाही तिथे बसणारा थर

आपल्याकडे बहुतेक घरी दोन टाक्यांचं मशीन आहे. एका टाकीत कपडे धुतले जातात, दुसरीत पिळले जातात. वरून टाकी लखलखीत दिसते. थर बसतो तो धुण्याच्या टाकीतल्या फिरकीच्या खाली, काडीकचरा अडवणाऱ्या छोट्या जाळीत, आणि पाणी सोडायच्या नळीत.

या थराला आपणच खाऊ घालत असतो. बोअरच्या पाण्यात फेस येत नाही, म्हणून आपण आणखी एक माप पावडर टाकतो. जड पाण्यात साबणाचा साका होतो. तो पांढरट, चिकट असतो आणि आत चिकटून बसतो. त्यावर कपड्यांचे तंतू आणि अंगाचं तेल बसतं. म्हणून फेसावर धुलाई मोजू नका. पावडरीच्या नेहमीच्या मापात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा मिसळा आणि जास्तीचं माप बंद करा.

महिन्यातून एकदा मशीन रिकामं धुवावं. मशीनच्या प्लास्टिकला फार गरम पाणी चालत नाही. किती चालतं ते सोबतच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पुस्तिका हरवली असेल, तर एक भाग उकळतं पाणी आणि दोन भाग साधं पाणी, म्हणजे साधारण 50 अंश, त्याच्या वर जाऊ नका. आधी साधं पाणी भरा, मग गरम ओता. चार मोठे चमचे सोडा टाकून दहा-पंधरा मिनिटं फिरवा, अर्धा तास तसंच ठेवा, पुन्हा फिरवा आणि सोडून द्या. मग साध्या पाण्याने एकदा फिरवा. पहिल्या वेळी पाण्यावर काळपट, राखाडी पापुद्रे तरंगताना दिसतील. पापुद्रे येईनासे होईपर्यंत दर आठवड्याला करा, नंतर महिन्याला पुरे.

तरीही वास येत असेल, तर फिरकीखाली पाहावं लागतं. आधी मशीनचा प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. फिरकीच्या मधोमध एक स्क्रू असतो. तो काढला की बहुतेक मशीनमध्ये फिरकी वर उचलता येते. खाली गाळ, केस, तंतू, कधी नाणी सापडतात. जुन्या दातांच्या ब्रशने घासून धुवा आणि फिरकी परत बसवा. फिरकी सहज निघत नसेल तर जोर लावू नका, तुटते. ते काम दुरुस्तीवाल्यावर सोडा.

रोजच्या तीन सवयी मात्र या सगळ्यापेक्षा मोठ्या आहेत. धुणं झालं की कपडे लगेच बाहेर काढा. जाळीतला गोळा काढून जाळी उलटी करून धुवा. आणि दोन्ही झाकणं उघडी ठेवा. पाणी सोडायची नळी हुकाला अडकवून वर ठेवली की तिच्या पोटात पाणी साचून राहतं. धुणं संपल्यावर ती खाली उतारावर सोडा आणि पूर्ण रिकामी होऊ द्या. मशीन नवं राहावं म्हणून प्लास्टिकचं आवरण घट्ट घालायची पद्धत आहे. ओल्या मशीनवर आवरण घातलं की आतली ओल आतच राहते. आवरण घालायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी घाला. घरात लहान मूल असेल तर प्लग काढून ठेवा, म्हणजे उघड्या झाकणाची भीती राहणार नाही.

ज्यांच्याकडे समोरून उघडणारं मशीन आहे, त्यांनी दाराभोवतीची रबराची कड बोटाने उलटून रोज पुसावी. तिच्या घडीत पाणी आणि केस साचतात.

न्हाणी: दोन इंच पाण्याची राखण

न्हाणीच्या जाळीखाली वाटीसारखा किंवा वाकड्या नळीचा एक भाग असतो. गवंडी त्याला न्हाणी ट्रॅप म्हणतात. त्यात साधारण दोन इंच पाणी कायम थांबलेलं असतं. हेच पाणी गटाराचा वास घरात येण्यापासून अडवतं. ते नसेल तर गटार आणि न्हाणी यांच्यामध्ये दारच नाही.

हे पाणी तीन कारणांनी जातं. वापरात नसलेल्या न्हाणीत ते उन्हाळ्यात आटतं. त्याला आठवड्यातून एकदा दोन तांबे पाणी पुरतं. दुसरं, पाणी तुंबतं म्हणून कुणीतरी आतली वाटी काढून फेकून दिलेली असते. तिसरं, मशीनची नळी जाळीत खोल आणि घट्ट खुपसलेली असते. टाकीभर पाणी जोरात गेलं की ते ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतं. म्हणून नळीचं तोंड जाळीच्या वर मोकळं राहू द्या.

बॅटरी घेऊन जाळीत पाहा. पाणी चमकताना दिसलं तर ट्रॅप आहे. नुसती अंधारी नळी दिसली तर ट्रॅप नाही किंवा वाटी गेलेली आहे. वाटी गेली असेल तर हार्डवेअरच्या दुकानात मापाची मिळते. ट्रॅप बसवलेलाच नसेल तर गवंड्याकडून बसवून घ्यावा लागतो. फिनेलने हे काम होत नाही.

ट्रॅप असूनही वास येत असेल, तर जाळीची खालची बाजू आणि वाटी काढून पाहा. केस आणि साबणाचा बुळबुळीत थर तिथे हमखास असतो. आधी हाताने तो काढा, मग सोड्याच्या गरम पाण्याने घासा. उकळतं पाणी थेट ओतू नका, प्लास्टिकची नळी मऊ पडून वाकते. आणि वाटी धुतल्यावर परत जागेवर ठेवायला विसरू नका.

इथे एक धोक्याची सूचना. काही जणी टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं आम्ल, दोन्ही एकत्र टाकतात. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि तो बंद न्हाणीत जीवावर बेतू शकतो. ब्लीचिंगबरोबर आम्ल नाही, व्हिनेगर नाही, लिंबाचं फूलही नाही. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर मिसळायचा उपायही सांगितला जातो. त्याने धोका नाही, पण फेस दिसतो तेवढाच. दोन्ही एकमेकांचा जोर मारतात आणि मागे जवळजवळ खारट पाणीच उरतं.

एका घरात काय घडलं

ज्या मुलीचा गणवेश, त्या घरी आमच्यातल्या दोघी गेल्या. घाटाच्या पायथ्याचं गाव, आषाढाचे दिवस. घरात सहा माणसं, बोअरचं पाणी आणि दोन टाक्यांचं मशीन. मुलीला गणवेश दोनच. संध्याकाळी धुवायचा, रात्री दोरीवर टाकायचा आणि सकाळी दमट असला तरी घालायचा.

तपासताना तिन्ही ठिकाणी काहीतरी सापडलं. टॉवेल ओला केल्यावर वास आला. मशीनची नळी हुकाला टांगलेली, आतून बुळबुळीत. मशीनवर घट्ट आवरण. पावडर तीन मापं. आणि न्हाणीतली वाटी गेल्या वर्षी पाणी तुंबलं तेव्हा काढलेली.

सगळं एका शनिवारी-रविवारी करायचं ठरलं. कारण नुसते टॉवेल धुतले आणि मशीन तसंच ठेवलं, तर पुढच्या धुण्यात वास परत येतो. शनिवारी मशीन सोड्याने धुतलं आणि वाटी आणून बसवली. रविवारी उघडीप होती, तेव्हा टॉवेल आणि दोन्ही गणवेश भिजवले. पावडर एक माप आणि एक चमचा सोडा, असं सुरू केलं. न्हाणीचा वास त्याच दिवशी गेला. टॉवेल पुढच्या आठवड्यात ओले करूनही स्वच्छ निघाले.

तिसऱ्या आठवड्यात मशीनमधून पुन्हा हलका वास आला. घरच्यांना वाटलं, उपाय फसला. फिरकी उघडली तेव्हा खाली बोटभर गाळ होता. तो काढल्यावर वास थांबला.

पण गणवेश रात्रीत वाळत नव्हता, तो प्रश्न उरलाच होता. त्यासाठी तीन गोष्टी केल्या. गणवेश शाळेतून आल्या आल्या धुवायला घेतला. पिळायच्या टाकीत एकदाऐवजी दोनदा फिरवला, त्याने बरंच पाणी निघून जातं. आणि भिंतीलगतच्या दोरीवरून काढून तो हँगरला अडकवला, पंख्याखाली, दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवून. वीज असेल त्या रात्री तो सकाळपर्यंत कोरडा होतो. वीज गेली तर होत नाही. अशा दिवसांसाठी घरच्यांनी तिसरा सदरा शिवून घेतला.

वाळवण्याबद्दल थोडं

जाड टॉवेल पावसाळ्यात वाळवणं अवघडच. आपल्या आजोबांचा पंचा त्या मानाने शहाणा. पातळ असल्यामुळे पाणी टिपतो आणि निम्म्याहून कमी वेळात वाळतो. चार महिने जाड टॉवेल पेटीत ठेवून पंचे वापरले, तर अर्धं काम होतं. अंग पुसल्यावर टॉवेल दाराच्या खिळ्याला गोळा करून टांगू नका. दोरीवर एकपदरी पसरा. दुहेरी घातला की आतला पदर ओलाच राहतो.

आणि एक गोष्ट आपल्या आपल्यात. पाळीचे कपडे अजूनही अनेक घरी इतर कपड्यांच्या खाली, मोरीच्या कोपऱ्यात किंवा पलंगामागे वाळत घातले जातात. वर सांगितलं ते सगळं या कपड्यांना सर्वांत आधी लागू आहे. दमट राहिलेल्या कपड्याने खाज आणि संसर्ग होऊ शकतो. आधी गार पाण्यात रक्त काढा, कारण गरम पाण्याने डाग पक्का बसतो. मग सोड्याच्या गरम पाण्यात भिजवा, धुवा, आणि उन्हावाऱ्यात मोकळे वाळवा. परसात आडोशाला स्वतंत्र दोरी बांधा, पण त्या कपड्यांवर दुसरं कापड टाकू नका. घट्ट कोरडे झाल्याशिवाय घडी करू नका.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरच्या टॉवेलचा कोपरा ओला करून हुंगून यावं, आणि न्हाणीत बॅटरी मारून पाणी दिसतं का ते पाहून यावं. कुणाकडे काय सापडलं त्यावर तेव्हा बोलू. कुणाला मशीनची फिरकी उघडून पाहायची असेल आणि एकटीला धीर होत नसेल, तर बैठकीत सांगा. आमच्यातली एकजण सोबत येईल.